आयोच्या ग्रहणांवरून प्रकाशाचा वेग : उत्तर साडेचार लाख का येतंय?

मांडवीकाठ (पणजी) · १४ एप्रिल २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा घेऊन प्रकाशाचा वेग काढायचा आहे, रोमरने १६७६ साली पॅरिसला वापरलेल्या पद्धतीने. गणित सरळ वाटतं, पण उत्तर फारच चुकतंय. सगळे आकडे देतो, कुठे घसरतोय ते सांगा.

दुर्बीण ११४ मिमीची परावर्ती, मोठेपणा ९० पट. प्रतियुती १० जानेवारीला होऊन गेली, त्यामुळे आता आयो सावलीतून बाहेर पडतानाच दिसतो. आत शिरताना तो गुरूच्या बिंबामागे असतो. म्हणून दोन्ही नोंदी बाहेर येण्याच्याच घेतल्या आहेत, ठिपका पहिल्यांदा नजरेला पडला तो क्षण. पहिली नोंद २४ जानेवारीची, रात्री पावणेबाराच्या सुमाराची. दुसरी १२ एप्रिलची, रात्री पावणेनऊच्या सुमाराची. मधे आयोच्या ४४ फेऱ्या झाल्या.

दोन नोंदींमधलं अंतर ७७ दिवस २१ तास ३ मिनिटं ५४ सेकंद. एका ग्रहणापासून पुढच्या ग्रहणापर्यंतचा काळ ४२ तास २८ मिनिटं ३६ सेकंद धरला, तर ४४ फेऱ्यांना ७७ दिवस २० तास ५८ मिनिटं २४ सेकंद लागायला हवेत. म्हणजे ३३० सेकंद उशीर. तेवढ्या काळात गुरू ४.२७ खगोलीय एककांवरून ५.२६ वर गेला, म्हणजे ०.९९ एकक लांब.

३३० ला ०.९९ ने भागलं की एका एककाला ३३३ सेकंद येतात. यायला हवेत ४९९. किलोमीटरमध्ये केलं तर वेग सेकंदाला जवळजवळ ४ लाख ४९ हजार! दीडपट. वेळ मोबाईलवरच्या उपग्रह-घड्याळाची आहे, त्यात सेकंदाचीही चूक नसावी.

---

फोंडा_दक्षिणायन · रात्री १०:१५

चूक वेळ टिपण्यातच आहे. आयो म्हणजे बिंदू नव्हे, ३६४० किमी व्यासाचा गोळा आहे, आणि तो सेकंदाला सतरा किमीच्या आसपास धावतो. सावलीच्या कडेतून पूर्ण बाहेर यायला त्याला साडेतीन मिनिटं लागतात. आपल्या पंचांगातल्या शब्दांत सांगायचं तर उन्मीलन आणि मोक्ष यांत साडेतीन मिनिटांचं अंतर आहे. तुम्ही नेमकं काय टिपलं? ११४ मिमीत पहिला ठिपका दिसेपर्यंत आयोचा बराच भाग उजळलेला असतो. तुमचा हरवलेला वेळ, १६० सेकंद, तिथेच गेला असणार. मोठी दुर्बीण वापरा, उत्तर बरोबर येईल.

---

वाळपई_वाट · रात्री १०:३२

एक शंका. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाची आणि गोवा ७४ अंशांच्या जवळपास. स्थानिक वेळेची ३४-३५ मिनिटांची दुरुस्ती केली का? सूर्यग्रहणाच्या वेळा गावागणिक बदलतात, म्हणून विचारतो.

---

ग्रहणवही (काणकोण) · रात्री ११:०५

वाळपईबाब, इथे ती दुरुस्ती लागत नाही. सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवरून सरकते, म्हणून गावागणिक वेळ वेगळी. इथे सावली गुरूची आणि ती पडते आयोवर. दिवा विझावा तसा तो विझतो, आणि ज्याला ज्याला दिसतो त्या सगळ्यांना एकाच क्षणी विझलेला दिसतो. सतराव्या शतकात जमिनीवरचे रेखांश काढायला ही ग्रहणं वापरत ती याचसाठी. पॅरिसच्या वेधशाळेत कासिनी त्यांची कोष्टकं त्याच कामासाठी करत होता, आणि रोमरला ही आकड्यांची रास त्यातूनच मिळाली. तुम्ही वाळपईला आणि मांडवीकाठ पणजीला बसून भारतीय प्रमाणवेळेत नोंद केली, तर दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत.

फोंडेकरांचा मुद्दा खरा आहे, पण तो एवढी मोठी चूक देत नाही. प्रत्येक नोंदीत ठिपका उशिरा दिसतो, पण दोन्ही वेळेला तेवढाच उशिरा दिसला तर वजाबाकीत तो उशीर निघून जातो. उरतो फक्त दोन उशिरांमधला फरक. दुर्बीण तीच, डोळा तोच, गुरू दोन्ही वेळेला चांगला वर होता. मग फरक कशाने पडेल? गुरूच्या झगझगाटाने. प्रतियुतीनंतर दोनच आठवड्यांनी आयो बाहेर येतो तो बिंबाच्या अगदी कडेशी, गुरूच्या त्रिज्येच्या पाव हिश्शावर. एप्रिलमध्ये गुरूची सावली आपल्या नजरेत बाजूला सरकलेली असते, तेव्हा तो बिंबापासून एक त्रिज्या दूर, काळ्या आकाशात उगवतो. त्यामुळे जानेवारीतला ठिपका नक्कीच जरा जास्त उशिरा दिसला. पण तो फरक वीस-तीस सेकंदांचा, १६० चा नव्हे.

मोठी चूक दुसरीकडे आहे. मांडवीकाठ, तुम्ही ४२ तास २८ मिनिटं ३६ सेकंद हा आकडा स्थिर धरलात. तो स्थिर नाही. उद्या सविस्तर लिहितो.

---

सुलभा_म्हापसा · १५ एप्रिल, सकाळी ७:२०

मला मुळातच कोडं पडलंय. शाळेतल्या मुलांना दाखवायचं म्हणून १२ तारखेचं ग्रहण आम्हीही पाहिलं. संगणकावरच्या तारामंडळात दिलेली वेळ आणि आमची वेळ यांत अर्ध्या मिनिटाचाही फरक नव्हता. मग प्रकाशाला उशीर होतो तो कुठे गेला? आठ मिनिटांचा फरक दिसायला हवा होता ना?

---

ग्रहणवही · सकाळी ८:१०

सुलभाताई, तारामंडळाने तो उशीर आधीच हिशेबात घेतलेला असतो. छापील पंचांगंही पृथ्वीवरून ग्रहण कधी दिसेल तीच वेळ देतात. त्यामुळे भाकीत आणि नोंद जुळली, याचा अर्थ तुमची नोंद चांगली झाली एवढाच. वेग त्यातून निघत नाही.

मुलांना उशीर डोळ्यांनी दाखवायचा असेल तर `Stellarium` मध्ये सूर्यमालेच्या सेटिंगमध्ये `Simulate light speed` अशी खूण असते. ती काढली की आयो प्रत्यक्षात सावलीबाहेर येतो तो क्षण दिसतो. २४ जानेवारीला तो आपल्याला दिसण्याच्या साडेपस्तीस मिनिटं आधी असेल, १२ एप्रिलला पावणेचव्वेचाळीस मिनिटं आधी. या दोन आकड्यांतला सव्वाआठ मिनिटांचा फरक हाच रोमरचा फरक. वर्गात समजवायला छान आहे, पण याला मोजमाप म्हणू नका. प्रकाशाचा वेग त्या प्रोग्रॅमच्या पोटात आधीच लिहिलेला आहे, तोच बाहेर येतो.

---

ग्रहणवही · सायंकाळी ७:५०

आता मांडवीकाठ यांचं उदाहरण पूर्ण सोडवू. त्यांचे आकडे चांगले आहेत, म्हणूनच त्यातून शिकायला मिळतं.

आयो गुरूभोवती पूर्ण ३६० अंश फिरतो ४२ तास २७ मिनिटं ३३.५ सेकंदांत. पण तेवढ्याने ग्रहण लागत नाही. दरम्यान गुरू सूर्याभोवती थोडा पुढे सरकलेला असतो, त्याची सावलीही तेवढीच वळलेली असते. ती गाठायला आयोला सरासरी ६२ सेकंद जास्त पळावं लागतं. म्हणून ४२ तास २८ मिनिटं ३६ सेकंद. पण हे ६२ सेकंद सरासरीचे आहेत. गुरूची कक्षा लंबवर्तुळ आहे. जानेवारी २०२३ मध्ये तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता, तेव्हापासून लांब जातोय आणि हळू पडतोय. तो हळू चालला की सावली कमी वळते, आयोला ती लवकर सापडते.

हे कसं मोजायचं? सूर्यकेंद्री पंचांगातून दोन्ही तारखांचे गुरूचे रेखांश घ्या. २४ जानेवारी ते १२ एप्रिल गुरू सरकला जवळपास ६.३९ अंश. सरासरी गतीने ६.४७ सरकला असता. फरक दिसायला क्षुल्लक, अंशाचा बारावा भाग. पण आयोला तेवढं अंतर कापायला ३६ सेकंद लागतात. म्हणजे ही ४४ फेऱ्यांची शर्यत मुळातच ३६ सेकंद लवकर संपणार होती. तुमच्या ३३० मध्ये ते मिळवा, ३६६ झाले. वेग आला ४ लाख ४ हजार. सुधारला, पण अजून खूप दूर आहे.

यंदा आपलं नशीब बरं, गुरू सरासरी गतीच्या जवळ आहे. सर्वांत लांबच्या बिंदूजवळ हाच फरक दर फेरीला पावणेसहा सेकंद होतो, आणि प्रकाशामुळे होणारा उशीर जास्तीत जास्त असतो तेव्हाही दर फेरीला १४-१५ सेकंदच असतो. म्हणजे २०२८ मध्ये कोणी हा आकडा डोळे मिटून वापरला तर तेवढ्यानेच उत्तर चाळीस टक्के बिघडेल.

राहिलेली चूक जास्त खोल आहे. आयो, युरोपा आणि गॅनिमिड हे तिघे एकमेकांना बांधलेले आहेत. युरोपाच्या एका फेरीत आयोच्या जवळजवळ दोन फेऱ्या होतात, त्यामुळे युरोपा त्याला पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी ओढतो. त्या ओढीने आयो कधी आपल्या सरासरी जागेच्या पुढे असतो, कधी मागे. जास्तीत जास्त ०.४७ अंश. ग्रहणांच्या वेळेत हे २०० सेकंद पुढे-मागे होतं, आणि ग्रहणांपुरतं पाहिलं तर हे चक्र ४३७ दिवसांत पूर्ण होतं. अठराव्या शतकात ब्रॅडलीने हे ४३७ दिवस ग्रहणांच्या वेळांतूनच ओळखले.

गणित एवढंच आहे, कोन अंशांत. `l1` हा आयोचा सरासरी रेखांश, `l2` युरोपाचा :

```
t  = JD - 2443000.5
l1 = 106.07719 + 203.48895579*t
l2 = 175.73161 + 101.374724735*t
dt = -200.7 * sin(2*(l1 - l2))   # सेकंद
```

`JD` म्हणजे ज्युलियन दिनांक, त्यात आयोवरची वेळ घाला, म्हणजे तुमची नोंद आधी जागतिक वेळेत आणा आणि त्यातून अंदाजे ४० मिनिटं वजा करा. `dt` धन आला तर ग्रहण उशिरा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये `sin` ला रेडियन लागतात, तिथे अंश घातलेत तर उत्तर काहीच्या काही येईल.

२४ जानेवारीसाठी `dt` येतो सुमारे +२००. म्हणजे तुम्ही नेमकं असं ग्रहण पकडलंत की आयो शक्य तेवढा मागे होता. १२ एप्रिलला +७७. मधल्या काळात आयोने १२३ सेकंद भरून काढले, आणि तेवढाच तुमचा प्रकाशाचा उशीर झाकला गेला. ३६६ मध्ये १२३ मिळवले की ४८९. भागिले ०.९९, एका एककाला ४९४ सेकंद. वेग ३ लाख ३ हजार.

---

मांडवीकाठ · रात्री ८:३०

म्हणजे ३३० सेकंदांत १६० सेकंदांची चूक माझ्या घड्याळाची नव्हती, आयोचीच चाल होती! सूत्र घालून पाहिलं, २०० आणि ७८ आले. बरोबर आहे.

पण मग एक विचारतो. हे सूत्र आणि सूर्यकेंद्री रेखांश दोन्ही आयते घ्यायचे असतील, तर आपण स्वतः मोजलं असं म्हणता येईल का? रोमरला तर हे काहीच माहीत नव्हतं. त्याचं उत्तर कसं जमलं?

---

ग्रहणवही · रात्री ९:२५

पूर्ण जमलं नव्हतं. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असं त्याने म्हटलं. खरा आकडा १६ मिनिटं ३८ सेकंद. त्याचं यश वेगळ्या गोष्टीत होतं. ९ नोव्हेंबर १६७६ चं ग्रहण दहा मिनिटं उशिरा सुटेल असं त्याने आधी सांगून ठेवलं होतं, आणि कारण दिलं होतं की प्रकाशाला यायला वेळ लागतो. किलोमीटरमध्ये किंवा कोसांत वेग त्याने काढलाच नाही. ते हायगेन्सने केलं. आणि रोमरकडे काही दोनच नोंदी नव्हत्या, कित्येक वर्षांच्या होत्या.

कासिनीने विरोध केला तोही निव्वळ हट्टाने नव्हे. प्रकाशाचा उशीर असेल तर तो चारही चंद्रांत सारखा दिसायला हवा, असं तो म्हणत होता. तर्क अगदी बरोबर होता. पण युरोपाची ओढाताण आयोपेक्षाही मोठी, तो सरासरी जागेपासून चांगला अंशाहून जास्त हलतो, म्हणजे त्याची ग्रहणं १५ मिनिटं पुढे-मागे होतात. त्या खेळात प्रकाशाचा उशीर कुठे दिसणार?

---

फोंडा_दक्षिणायन · रात्री ९:४८

मग गॅनिमिड घ्या. तो संथ आहे, आणि गुरूपासून लांब असल्याने त्याचं ग्रहण लागताना आणि सुटताना दोन्ही दिसतं. दोहोंचा मध्य काढला की ठिपका कधी दिसला ही भानगडच राहत नाही. मोठ्या दुर्बिणीत जो लवकर दिसतो तो तेवढाच उशिरा मावळतो.

---

ग्रहणवही · रात्री १०:१०

मध्य काढण्याची कल्पना उत्तम आहे, आणि आयोबाबत ती चालत नाही हे खरं दुःख आहे. प्रतियुतीआधी आयोचा फक्त स्पर्श दिसतो, नंतर फक्त मोक्ष. एकाच ग्रहणाची दोन्ही टोकं कधीच मिळत नाहीत. म्हणून डिसेंबरातला स्पर्श आणि एप्रिलमधला मोक्ष यांची वजाबाकी कोणी करू नये. सावलीत तो सव्वादोन तास असतो, आणि तो काळ नेमका किती हे तुमच्या नोंदींतून कळतच नाही.

पण गॅनिमिडची अडचण त्याच्या संथपणातच आहे. सावलीच्या कडेतून जायला त्याला आठ मिनिटं लागतात, ढग आला की नोंद गेली. सात दिवसांत एकच ग्रहण, त्यातलं रात्री आणि गुरू वर असताना पडणारं महिन्यात एखादं. आणि त्याची स्वतःची असमानताही आहे, कक्षा गोल नसल्यामुळे. मध्य घेतल्याने टिपण्याची चूक जाते, त्याची चाल जात नाही.

मांडवीकाठ यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अर्धवटच देता येतं. सूत्र न घेता, केवळ स्वतःच्या नोंदींतून ४३७ दिवसांचं चक्र वेगळं काढायचं असेल तर मोठा पेच आहे. पृथ्वी-गुरू अंतराचं चक्र ३९९ दिवसांचं. दोन्ही इतके जवळचे आकडे आहेत की ते एकमेकांपासून दर हंगामाला फक्त ३२ अंश सुटतात. पूर्ण सुटायला बारा वर्षं. तोपर्यंत एक दुसऱ्याच्या वेषात फिरतं. तीन हंगामांच्या नोंदींतून थोडा अंदाज बांधता येईल, खात्री नाही. देलाम्ब्रने १८०९ मध्ये दीडशे वर्षांतली सुमारे हजार ग्रहणं घेतली तेव्हा त्याला एककाला ४९३ सेकंद मिळाले.

---

अणुरेणू (मडगाव) · १६ एप्रिल, सकाळी ६:५५

माझा आक्षेप त्याच्याही पुढचा आहे. खगोलीय एकक आज १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७०.७ किमी असं ठरवूनच टाकलेलं आहे, २०१२ पासून. त्याआधी ते रडारने मोजत, म्हणजे प्रकाशाच्याच वेगाने. आणि प्रकाशाचा वेगही १९८३ पासून व्याख्येने ठरलेला. मग एककाला ४९४ सेकंद या उत्तराला किलोमीटरमध्ये फिरवताना आपण वेगच वापरून वेग काढतोय. किलोमीटरचा आकडा सांगूच नये. "एका एककाला इतके सेकंद" एवढंच खरं मोजमाप.

---

ग्रहणवही · सकाळी ७:४०

अर्धं मान्य. गुरूचं अंतर ४.२७ आणि ५.२६ हे एककांत आहे, ते केप्लरच्या प्रमाणांतून फक्त कोन मोजून निघतं, त्यात प्रकाशाचा वेग नाही. म्हणून सेकंद प्रति एकक हे निखळ आहे. पण एकक किलोमीटरमध्ये आणायला रडारच लागतं असं नाही. १६७२ मध्ये पॅरिस आणि कायेन या दोन ठिकाणांहून एकाच वेळी मंगळ पाहून कासिनी आणि रिशेर यांनी ते काढलं होतं, नुसत्या त्रिकोणमितीने. शुक्राच्या अधिक्रमणांतूनही तेच. त्या मार्गाचा आकडा घ्या, वर्तुळ तुटतं.

---

अणुरेणू · सकाळी ८:०५

तर मग १४.९६ कोटी लिहू नका, त्या मार्गाने आलेला आकडा लिहा, त्याच्या चुकीसकट. आजचा आकडा घ्यायचा आणि जुन्या मार्गाचं नाव सांगायचं हे मला पटत नाही.

---

सुलभा_म्हापसा · सकाळी ८:३०

मुलांपुढे दोन्ही ठेवीन, सेकंदांचा आकडा आधी. पण व्यवहाराचं विचारते. आता पावसाळा तोंडावर आलाय. आणखी किती नोंदी घ्याव्यात, आणि घेताना काय जपावं?

---

ग्रहणवही · दुपारी १:१५

एकच जोडी घेऊन भागू नका. मेअखेरपर्यंत गुरू संध्याकाळी पश्चिमेला मिळेल, मात्र मेमधल्या दमट हवेत तो खाली गेला की आयोचा पहिला ठिपका हमखास उशिरा दिसतो. वीस-पंचवीस अंशांच्या खालची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा. युती २९ जुलैला, ती पावसातच जाईल. दिवाळीनंतर पहाटे गुरू वर असेल तेव्हा स्पर्शाच्या नोंदी सुरू करा. पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे.

टिपताना एक करा. आयो यायच्या दहा मिनिटं आधी गुरूला दृष्टिक्षेत्राच्या कडेबाहेर सरकवा, म्हणजे बिंब दिसत नाही आणि झगझगाट बराच कमी होतो. सरकवायचं ते योग्य दिशेला, नाहीतर आयो उगवायची जागाच बाहेर जाईल. आदल्या ग्रहणाला तो बिंबापासून किती लांब उगवला ते चित्र काढून ठेवलं की हे सोपं जातं. मग दोन वेळा लिहा, पहिला ठिपका दिसला ती, आणि आयोचा उजेड पूर्ण होऊन थांबला असं वाटलं ती. त्यांतलं अंतर प्रत्येक नोंदीत साधारण सारखं यायला हवं. एखाद्या रात्री ते एकदम कमी आलं, तर समजा की पहिला ठिपका उशिरा दिसला.

मोबाईलचा कॅमेरा दुर्बिणीला लावून चित्रण करणाऱ्यांनी गुरूचं बिंब जळून पांढरं झालं तरी चालेल, पण आयो आणि शेजारचा एखादा चंद्र दोन्ही चित्रात ठेवा. शेजारच्या चंद्राशी तुलना करून आयो निम्मा उजळला तो क्षण काढला तर चूक काही सेकंदांवर येते. पण तो शेजारी युरोपा असेल आणि त्याच सुमारास त्याचंही ग्रहण असेल तर तुलना फुकट, हे आधी पाहून घ्या.

---

मांडवीकाठ · रात्री १०:२०

तुम्ही सांगितलेल्या दोन्ही दुरुस्त्या घालून मधल्या चार नोंदींचं गणित पुन्हा केलं. पहिली जानेवारीची नोंद सोडली तर बाकीचे ठिपके आलेखावर एका रेषेत येतात, आणि उतारावरून एककाला ५१५ सेकंदांच्या आसपास आकडा मिळतो. जानेवारीची नोंद धरली तर ४९६. म्हणजे जानेवारीचा ठिपका रेषेच्या वर बसतोय, वीसेक सेकंद उशिरा. तुम्ही झगझगाटाचं म्हणालात ते हेच का?

---

ग्रहणवही · रात्री १०:४५

दिशा तीच आहे. पण उत्तर जास्त जवळ आणणारी नोंद चुकीची आणि लांब नेणाऱ्या बरोबर, असं ठरवायला चार नोंदी पुरत नाहीत. प्रत्येक वेळेत पंधरा-वीस सेकंदांची अनिश्चितता धरली तर ४९६ आणि ५१५ दोन्ही एकाच उत्तरात मोडतात. सध्या "३ लाख, कमी-जास्त २० हजार" असंच लिहा. आणि जानेवारीची नोंद काढून टाकू नका, तिच्याशेजारी "बिंबाच्या कडेशी" असा शेरा द्या. फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीनंतर पहिल्या दोन आठवड्यांतली ग्रहणं गुरूला कडेबाहेर ठेवून घेतलीत, आणि तेव्हाही ती रेषेच्या वरच बसली, तर कारण झगझगाट नाही.

---

फोंडा_दक्षिणायन · रात्री ११:०२

त्यातली दोन-तीन २०० मिमीच्या दुर्बिणीने मीही घेईन. त्याच रात्री, त्याच ग्रहणाला ११४ आणि २०० चे ठिपके किती सेकंदांच्या फरकाने दिसतात ते तरी एकदा मोजून होईल.